जिरावण नाकाने उलगडताना: वासांच्या अक्षरओळखीचे पहिले सहा आठवडे

इंदूरमध्ये वाफेवर ठेवलेल्या पोह्यांवर जिरावण भुरभुरले की त्याचा वास गाडीपासून चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही ओळखता येतो. मात्र तो वास कसा आहे असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर “जिरावणासारखा” एवढेच असते. त्यात जिरे आहे, धने आहेत, बडीशेप आहे, लवंग आहे, काळे मीठ आणि आमचूर आहे हे आपल्याला ठाऊक असते, परंतु ते ऐकून किंवा पाकिटावर वाचून ठाऊक असते. नाकाने त्यातली लवंग निराळी काढून दाखवणे ही वेगळी गोष्ट आहे. हा लेख ज्यांना ते शिकायचे आहे अशा नवशिक्यांसाठी आहे. यात मी मसाल्यांची लांबलचक यादी दिलेली नाही. स्वयंपाकघरात हमखास सापडणाऱ्या एकाच कुळातील पाच बियांपासून सुरुवात करून, काही जोड्यांमार्गे, शेवटी जिरावणापर्यंत कसे पोहोचायचे एवढेच सांगितले आहे.

ज्या एका तत्त्वावर ही सगळी पद्धत उभी आहे, ते आधी सांगते. एकटा वास हुंगून त्याचे वर्णन करणे फार अवघड असते, पण दोन जवळचे वास शेजारी ठेवून “या दोघांत फरक काय” असे स्वतःला विचारले की शब्द आपोआप येऊ लागतात. म्हणून वास एकेक करून हुंगायचे, पण शब्द मात्र जोडीने शोधायचे.

सामान जमवणे

पहिल्या दोन आठवड्यांसाठी जिरे, धने, बडीशेप, ओवा आणि बाळंतशेपा हे पाच जिन्नस पुरेसे आहेत. ही पाचही एकाच वनस्पतिकुळातील फळे आहेत (आपण त्यांना बिया म्हणतो), दिसायलाही भावंडांसारखी आहेत, आणि तरीही प्रत्येकाच्या वासाचा मुख्य घटक वेगळा आहे. सगळे जिन्नस अख्खे घ्यावेत. दळलेल्या पुडीतील उडून जाणारी तेले काही आठवड्यांत विरळ होतात आणि मग नाक मसाल्याचा वास शिकण्याऐवजी शिळेपणाचा वास शिकते.

इंदूरमध्ये सियागंजातून खरेदी करताना नावांची काळजी घ्यावी लागते, कारण दुकानातील व्यवहार हिंदीत चालतो आणि आपल्या घरातील शब्द मराठी असतात. ओव्याला अजवाइन, बडीशेपेला सौंफ, तमालपत्राला तेजपत्ता आणि जायपत्रीला जावित्री म्हणायचे हे बहुतेकांना माहीत असते. बाळंतशेपा मात्र सोया किंवा सुवा या नावाने मागाव्या लागतात, आणि नुसते “सोया” म्हटले तर सोयाबीन पुढे येण्याची शक्यता असते. सर्वांत मोठा घोटाळा काळ्या रंगाच्या “जिऱ्यां”चा आहे. मी एकदा एका दुकानात काळे जिरे मागितले आणि पुडी न उघडता घरी आणली. आठवडाभर मी शहाजिरे म्हणून जे हुंगत होते आणि ज्याच्या नोंदी करत होते, ती कलौंजी निघाली. कलौंजीचा दाणा कोनदार, खरबरीत आणि कोळशासारखा काळा असतो. शहाजिऱ्याचा दाणा बारीक, बाकदार, तपकिरी आणि जिऱ्यासारखा रेघांचा असतो. दुकानातच तळहातावर चार दाणे घेऊन पाहिले असते तर माझा आठवडा वाया गेला नसता.

मिसळणाचा डबा या कामाला चालत नाही, कारण त्यातील वाट्यांचे वास एकमेकांत मिसळलेले असतात आणि सर्वांवर हिंग-हळदीचे राज्य असते. घट्ट झाकणाच्या काचेच्या छोट्या बाटल्या घ्याव्यात; प्लॅस्टिक वास धरून ठेवते आणि पुढच्या जिन्नसाला तो देते. सगळ्या बाटल्या एकसारख्या असाव्यात आणि नाव झाकणावर न लिहिता बुडाशी चिकटवावे, म्हणजे पुढे परीक्षेच्या वेळी त्याच बाटल्या कामाला येतात. प्रत्येकीत एक चहाचा चमचा जिन्नस भरला की पुरे. बाटल्या कपाटात, उजेडापासून आणि शेगडीपासून दूर ठेवाव्यात.

हुंगण्याची रीत

सकाळी न्याहारीपूर्वीची वेळ सर्वांत चांगली. देवघरातील उदबत्ती, स्वयंपाकघरातील फोडणी, अंगाला लावलेले अत्तर आणि हाताला राहिलेला सुवासिक साबणाचा वास, या चारही गोष्टी त्या वेळी नसाव्यात. पंखा बंद ठेवावा. सर्दी असताना सराव करू नये. त्या दिवसांतील नोंदी पुढे दिशाभूल करतात.

खलबत्त्यात पाव चमचा जिन्नस घेऊन दोनतीन हलके ठोके द्यावेत. पूड करायची नाही, फक्त दाणे तडकवायचे. लगेच ते बाटलीत टाकून झाकण लावावे आणि मिनिटभर थांबावे, म्हणजे बाटलीतील हवेत वास साठतो. मग झाकण काढून बाटली नाकापासून सुमारे दोन इंचांवर धरावी आणि दोन किंवा तीन आखूड, हलके श्वास घ्यावेत, जसे आपण उतू जायच्या बेतात असलेल्या दुधाचा अंदाज घेतो तसे. खोल, लांब श्वास ओढण्याची चूक नवशिके हमखास करतात. त्याने वास अधिक कळत नाही, उलट नाक लवकर थकते. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी वरच्या छताशी छोट्याशा पट्ट्यात असतात आणि आखूड श्वासांनीही हवा तेथवर पोहोचते.

मग बाटली खाली ठेवावी, झाकण लावावे आणि निदान अर्धा मिनिट साधी हवा घ्यावी. एकच वास सतत घेत राहिल्यास काही श्वासांतच तो फिका वाटू लागतो, आणि त्यात दोष जिन्नसाचा नसून नाकाच्या सवयीचा असतो. अत्तराच्या दुकानात मधल्या वेळी कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण साध्या हवेपेक्षा त्यांचा अधिक उपयोग होत नाही. उलट त्या एक तीव्र वास वाढवतात. मी स्वतः कोपराच्या आतल्या बाजूची त्वचा हुंगते, कारण आपल्या अंगाच्या वासाची नाकाला आधीच सवय असते.

एका बैठकीत तीन जिन्नसांपेक्षा अधिक घेऊ नयेत. दहा मिनिटे पुरतात. थंडीत, विशेषतः जानेवारीतल्या सकाळी, वास मंद वाटले तर बाटली पाच मिनिटे दोन्ही तळहातांत धरावी. ऊब मिळाली की तेले अधिक उडतात. हीच गोष्ट मे महिन्यात उलट त्रास देते, म्हणून उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत उरकावा.

वही

प्रत्येक जिन्नसाला वहीचे एक पान द्यावे आणि बाटलीच्या बुडाचे नाव न पाहता लिहावे. मी पानावर चार गोष्टी लिहिते: पहिल्या श्वासाला काय जाणवले, तिसऱ्या श्वासाला काय उरले, कोणती जागा किंवा प्रसंग आठवला, आणि नाकात किंवा डोळ्यांत काही झोंबले का. नमुना म्हणून जिऱ्याच्या माझ्या जुन्या नोंदीतील मजकूर देते: “पहिल्यांदा उग्र, किंचित घामट, नाकपुडीच्या वरच्या बाजूला चिकटून राहतो. तिसऱ्या श्वासाला उग्रपणा ओसरतो आणि सुके, लाकडी, जुन्या कपाटासारखे काही उरते. गोडवा अजिबात नाही. मुंजीच्या घरातल्या मठ्ठ्याची आठवण. झोंबत नाही.” या नोंदीत जिरे हा शब्द कोठेही नाही, आणि तेच तिचे मोल आहे. “जिऱ्यासारखा वास” असे लिहिले की नाकाचे काम तेथेच थांबते.

नवशिक्यांना या टप्प्यावर शब्द सापडत नाहीत, आणि मग ते “छान”, “तीव्र”, “मसालेदार” अशा शब्दांवर येऊन थांबतात. मराठीत वासाच्या अवस्था सांगणारे शब्द पुष्कळ आहेत, आणि ते आपण रोज वापरतो: खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, बुरसट, आंबूस, उग्र, मातकट, धुरकट, हिरवट, ओशट, कोंदट. यांतील बहुतेक शब्द वास कोठून आला ते सांगत नाहीत, त्या वस्तूचे काय झाले ते सांगतात. तेल जुने झाले की खवट, कपडा ओलसर राहिला की कुबट, डाळ भाजली की खमंग. माझ्या मते नवशिक्याने परकी फुले आणि फळे आठवत बसण्याऐवजी आधी हे शब्द कामाला लावावेत. धन्याच्या वासाला कोणी फुलांची उपमा देवो. ज्याने ते फूल कधी हुंगलेले नाही, त्याच्या वहीत त्या उपमेचा उपयोग नाही.

या शब्दांची धार तपासायची सोपी रीत आहे. जिऱ्याचे दोन भाग करावेत, एक कच्चा ठेवावा आणि दुसरा कोरड्या तव्यावर मंद आचेवर रंग एक छटा गडद होईपर्यंत भाजावा. दोन्ही शेजारी हुंगावेत. कच्च्या जिऱ्यातील घामट उग्रपणा भाजलेल्यात मागे जातो आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या, भाकरीच्या पापुद्र्याच्या बाजूचा वास पुढे येतो. उष्णतेने दाण्यातील शर्करा आणि प्रथिने एकमेकांशी अभिक्रिया करतात, त्यातून हे नवे वास तयार होतात. जिऱ्यात ते आधी नसतात. “खमंग” हा शब्द नेमका या नव्या वासाचा आहे. तवा आणखी दीड मिनिट ठेवून तिसरा भाग करपवून पाहिला, तर खमंग आणि करपट यांच्यामधली सीमा नाकाला एकदाच आणि कायमची कळते.

पाच भावंडे

पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन बाटल्या घेऊन पाचही जिन्नसांची पाने भरावीत. दुसऱ्या आठवड्यात तीच पाने न वाचता पुन्हा लिहावीत आणि मग दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात. ज्या गोष्टी दोन्ही वेळा आल्या, त्यांवर खूण करावी. त्याच तुमच्या नाकाने खरोखर टिपलेल्या गोष्टी असतात.

बडीशेपेचा वास बहुतेकांना गोड वाटतो. वास्तविक गोडी ही जिभेची गोष्ट आहे, पण बडीशेपेतील अनेथॉल नावाचा घटक इतक्या वेळा गोड पदार्थांबरोबर नाकात गेलेला असतो की मेंदू त्यालाच गोड म्हणतो. हाच घटक चक्रीफुलात मुख्य असतो, जरी चक्रीफुलाचे झाड बडीशेपेच्या कुळातले नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. ओव्यात थायमॉल असते. ते जंतुनाशक औषधांत आणि गुळण्या करायच्या द्रवांत वापरले जाते, म्हणून ओव्याच्या पानावर “दवाखाना” हा शब्द अनेकजण लिहितात, आणि तो चुकीचा नाही. धन्यातील मुख्य घटक लिनालूल हा अनेक फुलांतही असतो. त्यामुळे ताजे तडकवलेले धने मसाल्यापेक्षा फुलाच्या किंवा संत्र्याच्या सालीच्या बाजूला झुकतात. ज्यांनी धने आजवर फक्त दळून आणलेल्या पुडीतच हुंगले आहेत, त्यांना याचा सर्वांत जास्त अचंबा वाटतो.

घटकांची ही नावे पाठ करण्याची गरज नाही. ती एवढ्यासाठी दिली की “मला ओवा दवाखान्यासारखा वाटतो” किंवा “धने फुलासारखे वाटतात” असे लिहिताना नवशिक्याला संकोच होतो, आणि त्यामागे खरे कारण आहे हे कळल्यावर तो पुढच्या वेळी मोकळेपणाने लिहितो.

तिसऱ्या आठवड्यातील जोड्या

आता बियांबरोबर ताजी पाने आणि फळे घ्यावीत. पुष्कळ जोड्या करता येतात. मी तीनच सांगते, कारण त्या तीन निरनिराळ्या गोष्टी शिकवतात.

पहिली जोडी बाळंतशेपा आणि पुदिना यांची. माझी भाची सरावाला बसली होती, तेव्हा मी तिला डोळे मिटायला सांगून आधी तडकवलेल्या बाळंतशेपा दिल्या आणि अर्ध्या मिनिटाने चुरगळलेली पुदिन्याची पाने दिली. ती म्हणाली, “मावशी, यांचा काही संबंध नाही.” मी तिला दोन्ही पुन्हा हुंगायला लावले आणि थंडावा बाजूला ठेवून फक्त वासाकडे लक्ष दे असे सांगितले. चौथ्या फेरीला ती सावकाश म्हणाली, “दोन्हींत मागे एकच काहीतरी हिरवट-गोड आहे, पण शेपांत ते वाळलेले आहे आणि पुदिन्यात ओले.” त्यामागील वस्तुस्थिती अशी की, बाळंतशेपांत आणि भाजीबाजारात सहसा मिळणाऱ्या पुदिन्यात कार्व्होन नावाचा एकच रेणू मुख्य आहे, मात्र एकीकडे त्याची एक घडण आहे आणि दुसरीकडे तिचे आरशातले प्रतिबिंब. अणू तेच, जोडणीचा क्रम तोच. फरक उजव्या आणि डाव्या चपलेइतका. उजवी चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही, त्याचप्रमाणे नाकातील ग्राहींना हा फरक जाणवतो आणि दोन वेगळे वास कळतात. माणसाच्या नाकात अशा ग्राहींचे सुमारे चारशे प्रकार काम करतात. त्यांची जनुके शोधण्याचे काम लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी जोडी लिंबू आणि गवती चहा यांची. लिंबाचा रस न घेता साल घ्यावी, ती नखाने खरवडावी. रसात आंबटपणा असतो, पण वासाचे तेल सालीच्या ठिपक्यांत असते. गवती चहाचे पान दुमडून चुरडावे. सालीत लिमोनिन अधिक आणि सिट्राल कमी, तर गवती चहात सिट्राल बहुतांश असते. म्हणून अनेकांना डोळे मिटून गवती चहाच अधिक “लिंबासारखा” वाटतो, आणि सालीच्या वासात मात्र संत्र्याचा आणि किंचित राळेचा भाग सापडतो. आपण ज्याला लिंबाचा वास म्हणतो तो एक वास नसून दोनतीन वासांचा गुच्छ आहे, हे या जोडीतून कळते.

तिसरी जोडी कैरी आणि आंबेहळद. ही मला सर्वांत प्रिय आहे, पण तिच्यात एक व्यावहारिक अडचण आहे: आंबेहळदीचे ओले कंद हिवाळ्यात बाजारात येतात आणि कैऱ्या उन्हाळा लागताना. यावर उपाय असा की, हिवाळ्यात आणलेले एक-दोन कंद कुंडीतील कोरडसर मातीत पुरून ठेवावेत आणि पाणी घालू नये. पहिल्या कैऱ्या आल्या की कंद काढून धुवावा. वाळलेली आंबेहळद मिळते, पण तिच्यात कैरीचा भाग फारच थोडा उरतो, म्हणून या जोडीसाठी ती घेऊ नये. कंदाची चकती आणि कैरीची फोड शेजारी ठेवली की पहिल्या श्वासाला दोन्ही सारखी वाटतात. तिसऱ्या श्वासाला कंदात माती आणि आले उरते, तर कैरीत देठाजवळच्या चिकाचा हिरवटपणा उरतो. वास एकसारखे सुरू होऊन वेगळे संपू शकतात, म्हणूनच वहीत पहिल्या आणि तिसऱ्या श्वासाची नोंद निराळी ठेवायची असते.

जे वास नाही ते वेगळे काढणे

मिरीचा झणका, पुदिन्याचा थंडावा, आमचुराचा आंबटपणा आणि मिठाचा खारटपणा यांना आपण बोलताना वासच म्हणतो. परंतु झणका आणि थंडावा चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूला जाणवतात, तर आंबट-खारट जिभेला. हे पटण्यासाठी एक वेलदोडा सोलावा, नाक दोन बोटांनी घट्ट दाबून धरावे आणि चार दाणे चावावेत. तोंडात किंचित तुरटपणा आणि गारवा जाणवेल, वेलची मात्र जाणवणार नाही. दहा सेकंदांनी बोटे सोडून नाकाने श्वास बाहेर टाकावा; वेलची एकदम उमटते, कारण तोंडातील हवा घशाच्या मागून वर नाकात जाते. नाक दाबून जे कळले ते वहीत “वास नव्हे” या मथळ्याखाली लिहावे. जिरावणाकडे जाण्यापूर्वी हा सराव अनिवार्य आहे, कारण जिरावणात आंबट, खारट आणि तिखट या तिन्हींचा मोठा वाटा असतो आणि ते वासाच्या आड येतात.

चौथ्या आठवड्यातील परीक्षा

आपल्याला फरक खरोखर कळतो की बाटल्यांची नावे माहीत असल्यामुळे कळल्यासारखा वाटतो, हे तपासण्याची एक साधी आणि जुनी रीत आहे. घरातील दुसऱ्या माणसाने तीन एकसारख्या बाटल्या भराव्यात: दोनमध्ये एकच जिन्नस, तिसरीत दुसरा. तुम्ही डोळे मिटून वेगळी बाटली ओळखायची. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून एका यशावर भरवसा ठेवू नये. सहा फेऱ्या घ्याव्यात, प्रत्येक वेळी बाटल्यांचा क्रम आणि कोणता जिन्नस एकटा आहे ते बदलावे. सहापैकी पाच किंवा सहा बरोबर आले तर फरक कळतो असे मानायला हरकत नाही. निव्वळ नशिबाने असे शंभरांत दोनदाही घडत नाही. चार आले तर तीच जोडी आणखी तीन दिवस हुंगावी.

प्रारंभी जिरे आणि बडीशेप अशी लांबची जोडी घ्यावी, मग जिरे आणि शहाजिरे, मग जायफळ आणि जायपत्री. शेवटची जोडी अवघड आहे, कारण जायपत्री ही जायफळाच्याच बीवरील जाळी असते आणि दोघींचे तेल बरेचसे सारखे असते. त्यात पाच बरोबर आले नाहीत तर निराश होऊन पद्धत बदलू नये. मला त्या जोडीला तीन आठवडे लागले.

जिरावण

मिश्रणातील सगळे घटक वेगळे सांगता यायला हवेत, अशी अपेक्षा ठेवू नये. मिश्रणात तीन-चारपेक्षा अधिक घटक असले की सराव असलेल्या नाकालाही ते सर्व निराळे सांगता येत नाहीत. वास एकमेकांना झाकतात आणि मिळून एक नवा वास होतो. म्हणून आपण उलट बाजूने जायचे: तयार जिरावण हुंगून घटक शोधण्याऐवजी, स्वतः छोटे जिरावण करून त्यातून एकेक घटक काढून पाहायचा.

प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे असते. सरावापुरते मी हे घेते. दोन चमचे भाजलेले जिरे, दोन चमचे किंचित गरम केलेले धने, एक चमचा बडीशेप, चार लवंगा, बोटभर दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, एक चमचा आमचूर, अर्धा चमचा काळे मीठ आणि चिमूटभर हिंग. मिरची या सरावात घालत नाही, कारण तिचा ठसका बाकीचे हुंगू देत नाही. आमचूर, मीठ, सुंठ आणि हिंग वगळून बाकी बारीक दळावे, मग हे चार मिसळावेत. त्याच दिवशी, त्याच प्रमाणात, फक्त लवंग वगळून दुसरा घाणा करावा. दोन्ही बाटल्यांत भरून रात्रभर ठेवावेत, म्हणजे वास एकमेकांत मुरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी या दोन घाण्यांची तीन बाटल्यांची परीक्षा घ्यावी. पहिल्यांदा हे केले तेव्हा मला वाटले होते की लवंगेविना घाण्यात लवंग नाही एवढेच कळेल. झाले निराळेच. लवंगेविना जिरावण अधिक आंबट आणि अधिक घामट वाटले. लवंगेने आजवर जिऱ्याचा उग्रपणा दाबून ठेवला होता. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद “लवंग म्हणजे झाकण” अशी आहे. त्यानंतर साध्या जिरावणातही मला लवंग सापडू लागली. ती स्वतःच्या वासाने सापडत नव्हती. जिरे कोठे गप्प बसले आहे, त्या जागेवरून सापडत होती.

याच रीतीने पाचव्या आठवड्यात बडीशेप आणि सहाव्यात काळे मीठ वगळून पाहावे. काळ्या मिठाचा वास गंधकाचा, उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या बाजूचा असतो. कोरड्या बाटलीत तो क्षीण असतो आणि ओलावा लागताच वर येतो. म्हणून ते वगळलेला घाणा कोरडा हुंगल्यास फरक कळणारही नाही, पण दोन्ही घाणे चमचाभर गरम पोह्यांवर घालून हुंगले की लगेच कळतो. पोह्यांच्या वाफेवर जिरावण डब्यातल्यापेक्षा वेगळे का वाटते, याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

कोठे बिघडते, आणि ते कसे ओळखावे

सगळ्या बाटल्या एकसारख्या वाटू लागल्या तर नाक थकले आहे. सराव थांबवून दुसऱ्या दिवशी बसावे. एकच बाटली रोज फिकी होत चालली असेल, पण बाकीच्या ठीक असतील, तर जिन्नस संपला आहे. तडकवलेले दाणे आठवड्याने टाकून नवे घ्यावेत. बडीशेपेच्या किंवा धन्याच्या बाटलीतून जुन्या तेलाचा खवट वास येऊ लागला, तर दाण्यातील स्थिर तेल बिघडले आहे. तो जिन्नस सरावातून आणि स्वयंपाकातूनही काढावा. वहीतील सगळ्या पानांवर “उग्र” हाच शब्द येत असेल, तर बाटली नाकाच्या फार जवळ धरली जात आहे. ती चार इंचांवर न्यावी. दम्याचा त्रास असलेल्यांनी मिरी, सुंठ आणि हिंग यांची पूड हुंगू नये, अख्खे जिन्नस बंद बाटलीतून दुरूनच घ्यावेत.

एखादाच वास अजिबात न येणे हे अनेकांच्या बाबतीत जन्मजात असते आणि त्यात काळजीचे काही नसते. मात्र पूर्वी येणारे सगळेच वास एकाएकी नाहीसे झाले किंवा विद्रूप येऊ लागले, तर ही बाब कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावी. त्यासाठी वेगळी उपचारपद्धती आहे: २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगायला दिले होते. तिचा हेतू गेलेली क्षमता परत आणणे हा आहे. वर सांगितलेला सराव, असलेल्या क्षमतेला शब्द देण्यासाठी आहे, आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

सहा आठवड्यांनंतर पुढचा जिन्नस निवडताना आपल्या घरातील गोडा मसाला घ्यावा, आणि त्यात दगडफुलापासून सुरुवात करावी. ते कोरडे हुंगले तर मातकट, ओल्या सालीसारखे वाटते आणि त्याचा मसाल्यात उपयोग काय हे कळत नाही. चमचाभर गरम तेलात दोन तुकडे सोडून, आच बंद करून, वाटी नाकापासून वीतभर अंतरावर धरावी, आणि आता वहीचे नवे पान उघडावे.